गिझरचा काय दोष?

पहिला पाऊस पडून आठवडा होतो आणि कोकणातल्या घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. गिझर लावला की सगळ्या घराची लाईट जाते. बोर्डाजवळ जाऊन पाहावं तर मोठं बटण खाली पडलेलं असतं. वर केलं की कधी टिकतं, कधी लगेच पुन्हा पडतं. उन्हाळाभर हेच बटण एकदाही पडलेलं नसतं. मग कुणी सांगतं गिझरची कॉइल गेली, कुणी सांगतं बटणच खराब झालंय, आणि एखादा अनुभवी शेजारी म्हणतो, ‘काढून टाका ते, डायरेक्ट जोडून घ्या, माझ्याकडे दहा वर्षं तसंच चालू आहे.’

त्या बटणाला लोक ईएलसीबी म्हणतात. आज मिळणाऱ्या डबीवर आरसीसीबी छापलेलं असतं. आपण इथे त्याला आरसीसीबीच म्हणू, कारण त्याच्या शेजारी असलेल्या लहान लहान एमसीबींपासून त्याला वेगळं ओळखणं हीच शोधाची सुरुवात आहे. एमसीबी पडतो तो वायरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला म्हणून. आरसीसीबीला किती करंट गेला याच्याशी कर्तव्य नसतं. तो फक्त हिशेब जुळतो का ते पाहतो. फेजच्या वायरने जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलच्या वायरने परत आला पाहिजे. दोन्ही वायरी त्याच्या पोटात एकाच लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून काढतं. थोडा जरी करंट तिसऱ्याच वाटेने, म्हणजे भिंतीतून, पाइपातून, जमिनीतून किंवा माणसाच्या अंगातून गेला, तर कड्यात फरक उरतो आणि तेवढ्यावर आतली खिट्टी सुटते.

घरात बसवतात तो ३० मिलिअँपिअरचा. एक अँपिअरचे हजार भाग केले तर त्यातले तीस. प्रत्यक्षात तो १५ आणि ३० यांच्या मधे कुठेही पडू शकतो. पंधराच्या आत त्याने पडू नये आणि तीसला पडलंच पाहिजे, एवढीच अट असते. म्हणून शेजारच्या घरात टिकणारी गळती तुमच्या घरात टिकत नाही, यात नवल नाही.

आता पावसाचा संबंध पाहू. चांगल्या वायरीचं इन्शुलेशन काही मेगओहम, म्हणजे काही दशलक्ष ओहम, अडथळा देतं. २३० व्होल्टला एक मेगओहम म्हणजे पाव मिलिअँपिअरहून कमी गळती. ती कुणाच्या खिजगणतीत नसते. पण गच्चीवरून झिरपलेलं पाणी पंख्याच्या बॉक्समध्ये साचलं, बाहेरच्या बेलच्या बटणात धूळ, मुंग्यांचं वारूळ आणि दमटपणा एकत्र आला, समुद्राकडून आलेला खारा थर सॉकेटच्या मागे ओला झाला, की हाच अडथळा घसरत दहा-पंधरा हजार ओहमवर येतो. १५,००० ओहमला गळती १५ मिलिअँपिअर, १०,००० ला २३. एवढ्याने वायर गरम होत नाही, एमसीबीला पत्ता लागत नाही, मीटरवर फरक दिसत नाही. आरसीसीबीला मात्र कळतं.

ही झाली फेजची गळती. ती शोधायला तुलनेने सोपी, कारण ती प्रामाणिक असते. ज्या सर्किटात ओल आहे त्या सर्किटाचा एमसीबी वर केला की आरसीसीबी पडतो, खाली ठेवला की टिकतो. सगळे एमसीबी खाली पाडायचे, आरसीसीबी वर करायचा, मग एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याच्या वेळी पडला तो आरोपी. ही पद्धत बहुतेकांना माहीत असते आणि बऱ्याच वेळा ती पुरतेही.

ज्या वेळी पुरत नाही ती वेळ मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तिथेच निर्दोष गिझरच्या कॉइली बदलल्या जातात आणि आरसीसीबी कचऱ्यात जातात.

एक घर डोळ्यांसमोर आणा. रत्नागिरीकडचं, चिऱ्याचं, समोर पडवी, मागे विहीर आणि त्यावर एक हॉर्सपॉवरचा पंप, अंगणाच्या टोकाला फाटक आणि फाटकाजवळ लोखंडी खांबावर दिवा. घर वाडीच्या शेवटी, म्हणजे विजेच्या लाइनच्याही शेवटी. तक्रार अशी: जुलै लागल्यापासून गिझर लावला की आरसीसीबी पडतो. इस्त्री लावली तर पडत नाही. पंप लावला तर कधी पडतो, कधी नाही. तीन-चार दिवस उघाड मिळाली की गिझरही चालतो.

आधी येऊन गेलेल्या वायरमनने सरळ विचार केला, गिझर लावल्यावर पडतो म्हणजे गिझर. कॉइल बदलली. हा संशय निराधार नव्हता. गिझरच्या कॉइलमध्ये तारेभोवती जी पांढरी पूड भरलेली असते ती ओल शोषते. उन्हाळ्यात दोन-तीन महिने बंद पडलेला गिझर पावसाळ्यात पहिल्यांदा लावल्यावर याच कारणाने आरसीसीबी पाडू शकतो. पण इथे नव्या कॉइलनेही तेच चाललं. मग त्याने दुसरा उपाय सुचवला: गिझरची अर्थिंगची वायर सोडून देऊ, पडायचा थांबेल. घरातल्या काकूंनी नको म्हटलं. त्यांनी नको म्हटलं ते फार बरं झालं. गळती खरोखर गिझरमध्ये असती, तर अर्थिंग सोडल्यावर आरसीसीबी पडायचा थांबला असता तो गळती थांबली म्हणून नव्हे, तिला जायला वाट उरली नाही म्हणून. ती वाट मग ओल्या पायांनी नळाला हात लावणाऱ्याच्या अंगातून मिळाली असती.

दुसरा वायरमन आला त्याने हत्यारं काढण्याआधी बरंच विचारलं. पाऊस सुरू असतानाच पडतो की नंतरही? रात्री जास्त पडतो का? वीज कडाडली की पडतो का? शेवटचा प्रश्न अशासाठी की मेघगर्जनेच्या वेळी लाइनवर येणाऱ्या झटक्यानेही आरसीसीबी पडतो, पण तो एकदाच. वर केला की राहतो, आणि त्यामागे घरात शोधण्यासारखं काही नसतं. इथे उत्तर वेगळं होतं. पाऊस थांबल्यावरही दोन दिवस त्रास राहायचा आणि संध्याकाळी सात ते नऊ जास्त. ‘म्हणजे शेजाऱ्यांचे पण गिझर, पंप चालू असतात तेव्हा,’ तो म्हणाला. काकांना त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

मग त्याने आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं. खटकन पडला. हे बटण आतल्या एका रेझिस्टन्समधून मुद्दाम थोडा करंट चुकीच्या वाटेने सोडतं. त्यावरून खिट्टी काम करते एवढं कळतं. घराची अर्थिंग चांगली आहे का, हे त्यावरून कळत नाही, तरी पुष्कळ लोक तसं समजून चालतात.

पुढची पायरी नेहमीची. घरातले सगळे प्लग उपटले. नुसते स्विच बंद करून चालत नाही, कारण आपल्याकडचा सॉकेटचा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर. टिकला. हॉलचा एमसीबी वर, टिकला. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पंप, बाहेरचे दिवे, एकेक करून सगळे वर. टिकला. काहीच चालू नसताना सगळं ठीक. म्हणजे फेजची साधी गळती कुठेच नाही.

इथे बहुतेक जण थांबतात आणि पुन्हा गिझरकडे वळतात. याने उलट केलं. गिझर बंदच ठेवला, वायर सोडून बाजूला काढली, आणि बाथरूमशी काहीच संबंध नसलेल्या स्वयंपाकघरातल्या पॉवर सॉकेटवर पाण्याच्या बादलीतला दोन हजार वॅटचा रॉड लावला. आरसीसीबी पडला. रॉड काढला आणि तिथेच इस्त्री लावली. टिकला. इस्त्री आणि पंप दोन्ही लावले. पडला.

म्हणजे कोणतं उपकरण लावलं याला महत्त्वच नव्हतं, किती लोड लावला याला होतं. गिझरचा गुन्हा एवढाच की घरात सगळ्यात जास्त करंट तो घेतो.

हे असं का होतं ते समजून घ्यायला न्यूट्रलकडे पाहावं लागतं. न्यूट्रलला करंट नसतो, हात लावला तरी चालतो, असं ऐकीव ज्ञान घरोघर आहे. ते अर्धंच खरं आहे. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत जोडलेला असतो, तिथे त्याचा दाब शून्य. पण तिथून तुमच्या घरापर्यंत येणाऱ्या तारेला थोडा का होईना अडथळा असतोच. वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत तो ०.३ ओहम असू शकतो. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो. ९ गुणिले ०.३ म्हणजे २.७. गिझर चालू असताना या घरातला न्यूट्रल जमिनीच्या तुलनेत पावणेतीन व्होल्टवर चढलेला असतो. इस्त्रीला चार-साडेचार अँपिअर लागतात, तेव्हा तो सव्वा व्होल्टच्या आसपास. आणि त्याच तारेवर शेजाऱ्यांचा लोड असेल तर त्यांची भर वेगळी. म्हणून संध्याकाळी सात ते नऊ.

पावणेतीन व्होल्टने कुणाला मुंगीही चावल्यासारखं वाटणार नाही. पण घरात कुठेतरी न्यूट्रलची उघडी तांब्याची तार जमिनीशी जोडल्या गेलेल्या लोखंडाला टेकली असेल, तर या दाबाला एक आडवाट मिळते. ९ अँपिअर फेजने आत आला. त्यातला बहुतेक न्यूट्रलने परत गेला आणि काही मिलिअँपिअर त्या लोखंडातून जमिनीत उतरून ट्रान्सफॉर्मरकडे गेला. आरसीसीबीच्या हिशेबात तेवढा करंट कमी भरला. तो पडला.

आणि ही आडवाट तोडायला एमसीबी उपयोगाचा नाही. आपल्या घरांतले बहुतेक एमसीबी एकपदरी असतात, ते फक्त फेज तोडतात. सगळ्या सर्किटांचे न्यूट्रल डीबीमध्ये एका पितळी पट्टीवर एकत्र कसलेले असतात. बाहेरच्या दिव्यांचा एमसीबी खाली असला तरी त्या दिव्यांचा न्यूट्रल पट्टीला जोडलेलाच राहतो, आणि न्हाणीघरातल्या गिझरने चढवलेला दाब अंगणातल्या खांबापर्यंत पोचतो. एकेक एमसीबी पाडून पाहण्याची पद्धत इथे आंधळी ठरते ती यामुळे.

खूण मात्र सोपी आहे आणि ती घरच्या माणसालाही पाहता येते. फेजची गळती असेल तर विशिष्ट एमसीबी वर केल्यावर आरसीसीबी पडतो, मग त्यावर काही चालू असो वा नसो. न्यूट्रलची गळती असेल तर लोड वाढला की पडतो, मग तो लोड कुठल्याही सर्किटावर असो. एवढं वेगळं करून वायरमनला सांगितलं तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो.

इथून पुढचं काम मात्र त्याचंच. डीबीचं झाकण उघडल्यावर आरसीसीबी खाली असला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या स्क्रूंवर मीटरकडून येणारा फेज जिवंत असतो. म्हणून या वायरमनने आधी मीटरजवळचा मेन स्विच पाडला, टेस्ट लॅम्पने डीबीत वीज नसल्याची खात्री केली आणि मग न्यूट्रलच्या पट्टीवरच्या वायरी एकेक सोडल्या. प्रत्येकीला कोणत्या सर्किटाची ते लिहून चिकटपट्टी लावली. ही चिकटपट्टी न लावल्यामुळे नंतर चुकीच्या जागी न्यूट्रल जोडले गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. इन्व्हर्टर असलेल्या घरात तर असा एक चुकलेला न्यूट्रलच, पाऊस असो वा नसो, आरसीसीबी पाडायला पुरतो.

मग मेगर. हे यंत्र ५०० व्होल्ट डीसीचा दाब देऊन वायर आणि अर्थ यांच्यातला अडथळा मोजतं. साधा मल्टीमीटर आतल्या लहान बॅटरीवर मोजतो, त्याला ओलीतून होणारी बारीक गळती पुष्कळदा दिसत नाही. पण मेगरचे ५०० व्होल्ट एलईडी दिवे, टीव्ही, फ्रिजची सर्किटं यांना सोसतील याचा भरवसा नाही, म्हणून ती सगळी आधी काढून ठेवायची, आणि आरसीसीबीही वायरींपासून सुटा करायचा. नव्या फिटिंगमध्ये एक मेगओहमहून कमी रीडिंग चालत नाही. पावसाळ्यात जुन्या घरात एक-दोन मेगओहम आलं तर डोळ्यांवर ठेवायचं, लगेच भिंत फोडायची नाही.

रीडिंग अशी आली. हॉल वीसच्या वर, न्हाणीघर पन्नास, स्वयंपाकघर पाच, पंप दोन मेगओहम. बाहेरचे दिवे शून्य.

पंपाचे दोन मेगओहम विहिरीवरच्या ओलीचे. तो आज आरोपी नव्हता. शून्य आलेल्या न्यूट्रलवर मल्टीमीटर लावला, तर आकडा स्थिर राहीना, पण शंभर ओहमच्या आसपास घुटमळत होता. ही ओल नव्हे. साध्या पाण्यात दोन टर्मिनल बुडाले तरी त्यांच्यात हजार-दोन हजार ओहम अडथळा राहतो. तीन व्होल्टला तेवढ्यातून दीड ते तीन मिलिअँपिअर जातील, आरसीसीबी पडणार नाही. न्यूट्रलची गळती आरसीसीबी पाडते याचा अर्थ बहुधा तांबं कुठेतरी थेट लोखंडाला किंवा अर्थच्या वायरला टेकलंय. शोधायचा आहे तो ओला भाग नव्हे, सोललेली वायर.

बाहेरच्या सर्किटावर पडवीचा दिवा, गोठ्याचा दिवा आणि फाटकाचा दिवा. एकेक दिवा उघडत बसण्यापेक्षा मधूनच तोडायचं. गोठ्याच्या भिंतीवर जंक्शन बॉक्स होता. त्यातली जोडणी सोडली आणि दोन्ही बाजू मोजल्या. घराकडची बाजू आठ मेगओहम, फाटकाकडची शून्य. अर्धं सर्किट एका झटक्यात निर्दोष सुटलं. सर्किट लांब असेल तेव्हा ही मधून तोडायची युक्ती फार उपयोगी पडते. सोळा जोडण्या असल्या तरी चार मापांत जागा सापडते.

उरला फाटकाचा खांब. दीड-दोन इंची लोखंडी पाइप, दोन फूट जमिनीत पुरलेला, वर दिवा. खांबाला कमरेच्या उंचीवर ड्रिलने भोक पाडून वायर आत घेतलेली. भोकाला रबरी बुश नाही. वायर ओढून बाहेर काढल्यावर दिसलं: भोकाच्या धारदार कडेने निळ्या वायरचं प्लास्टिक चिरलेलं, बोटाच्या पेरापेक्षा लहान भागात तांबं उघडं पडलेलं आणि त्यावर हिरवी बुरशीसारखी पूड. पाइपाच्या कडेलाही तसाच हिरवा डाग. टेकण्याची जागा तीच.

आता काकांचा प्रश्न रास्त होता. ‘ही वायर काय यंदाच्या जुलैत चिरली? दिवा लावून सहा वर्षं झाली. उन्हाळ्यात का नाही पडला?’

वायर आधीच चिरलेली असणार. पण उन्हाळ्यात खांबाभोवतीची जांभ्याची जमीन कोरडी ठाक असते. दोन फूट पुरलेल्या पाइपाला अशा जमिनीत जो अडथळा भेटतो तो हजार ओहमच्या घरात जाऊ शकतो. पावणेतीन व्होल्टला हजार ओहम म्हणजे तीन मिलिअँपिअरहूनही कमी. आरसीसीबीला तेवढं चालतं. पावसाने जमीन भिजली, अडथळा नव्वद-शंभर ओहमवर उतरला, की तोच दाब तिथून तीसच्या आसपास मिलिअँपिअर ढकलतो. इस्त्रीच्या सव्वा व्होल्टला तेरा-चौदा, म्हणजे पंधराच्या जरा आत, म्हणून इस्त्री चालायची. पंपाला वीसच्या आसपास, म्हणजे काठावर, म्हणून कधी पडायचा, कधी नाही. चार दिवस ऊन पडून वरची माती थोडी सुकली, अडथळा दोनशेवर गेला, की गिझरलाही तेरा-चौदाच. सगळी लहर जमिनीच्या ओलीची होती. गिझर फक्त दाब पुरवत होता.

वायरमनने मग जे सांगितलं ते काकांना बोचलं असावं. चिरलेली वायर निळी निघाली हा निव्वळ योग. त्याच भोकातून लाल वायरही आत जात होती, तीही तितकीच घासत होती. ती चिरली असती तर खांबावर २३० व्होल्ट आले असते. खांबाचा जमिनीशी अडथळा नव्वद ओहम धरला तर करंट अडीच अँपिअर. त्या सर्किटाचा सहा अँपिअरचा एमसीबी अडीच अँपिअरला हूं की चूं करत नाही. आरसीसीबी नसता, किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने ‘डायरेक्ट’ केलेला असता, तर दिवा नीट लागत राहिला असता आणि खांब रात्रभर जिवंत राहिला असता. फाटकाला गुरं अंग घासतात. मुलं खांबाला धरून चिखलातली चप्पल काढतात.

याच हिशेबात ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवण्याच्या सल्ल्याचंही काय ते समजतं. हे जास्त आकड्याचे नग दुकानात मिळतात, ते गळतीमुळे आग लागू नये म्हणून मेनला बसवायचे असतात. माणसाच्या अंगातून जाणारा करंट घातक ठरण्याआधी तोडायचा असेल तर तीसच हवा. १०० चा बसवला असता तर या घरातली तक्रार त्याच दिवशी संपली असती, चिरलेली वायर मात्र तिथेच राहिली असती.

सगळीच घरं अशी एका खांबाशी येऊन थांबत नाहीत, हेही सांगायला हवं. शहरातल्या फ्लॅटमध्ये दुसराच प्रकार भेटतो: कुठलंच सर्किट एकटं दोषी नाही. कॉम्प्युटर, टीव्ही, वॉशिंग मशीन, इंडक्शनची शेगडी, यांच्या आतले फिल्टर मुळातच थोडा करंट अर्थमध्ये सोडतात. ते बिघाड नाही, तशी रचनाच असते. एकेकाचा अर्धा-एक मिलिअँपिअर धरला तरी भरल्या घरात बेरीज सात-आठवर जाते. उन्हाळ्यात तेवढीच असते म्हणून आरसीसीबी गप्प. पावसाळ्यात बाल्कनीतल्या सॉकेटने पाच आणि गच्चीखालच्या पंख्याच्या बॉक्सने चार घातले की पंधरा ओलांडले. आता कुठलाही एक एमसीबी पाडा, आरसीसीबी टिकतो. हॉलचा पाडला तरी टिकतो, बेडरूमचा पाडला तरी. रोज वेगळा आरोपी सापडतो.

अशा घरात मेगरपेक्षा लीकेज क्लॅम्प मीटर कामाचा. चिमट्यासारखं हे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरींना एकत्र कवेत घेऊन लावायचं. दोघींचा करंट एकमेकांना खोडतो आणि मीटरवर फक्त गळती दिसते, म्हणजे जे आरसीसीबी पाहतो तेच. घरातलं काही बंद करावं लागत नाही. आधी मेनच्या जोडीला लावायचं, मग एकेका सर्किटाच्या जोडीला, आणि आकडे मांडायचे. वायरमनकडे नेहमी असणारा मोठा क्लॅम्प मीटर इथे चालत नाही, त्याला अँपिअर दिसतात, मिलिअँपिअर दिसत नाहीत. बोलावतानाच विचारून घ्यावं. मेनवर तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे नऊ-दहाच्या वर कायमची गळती दिसली, तर पावसाळ्यात त्रास होणार हे धरून चालावं. त्यावर उपाय दुरुस्तीचा नाही, वाटणीचा असतो: घरभर एकच आरसीसीबी ठेवण्याऐवजी दोन-तीन भाग करायचे.

आणि शोध ओला असतानाच घ्यावा. वायरमन पावसात यायला कंटाळतो, आपणही म्हणतो उघाड पडू दे. उघाडीत तोच जंक्शन बॉक्स वीस मेगओहम दाखवतो आणि सगळे निश्चिंत घरी जातात. अडचणच असेल तर संशयित सर्किट त्या रात्रीपुरतं बंद ठेवावं, पण न्यूट्रलची गळती असेल तर एमसीबी पाडून ते बंद होत नाही हे वर आलंच आहे. तेव्हा मोठा लोड लावायचा नाही, एवढंच घरच्या माणसाच्या हातात राहतं. पडलेला आरसीसीबी एकदा-दोनदा वर करून पाहायला हरकत नाही. दहा वेळा करण्यात अर्थ नाही, आणि तो टेकू लावून किंवा दोरीने बांधून वर धरायचा प्रयत्न तर निरर्थकच, कारण खिट्टी आतून सुटते, बाहेरचा दांडा धरून ठेवला तरीही.

फाटकाच्या खांबाचं काम दुपारपर्यंत झालं. गोठ्यापासून खांबापर्यंत नवी तीन पदरी केबल, भोकाला बुश, खांबाला अर्थची वायर नटबोल्टने कसलेली. ती आधी नव्हतीच. जंक्शन बॉक्स पाणी न शिरणारा घेतला आणि केबल त्यात खालून चढवली, बॉक्सच्या खाली थोडा झोळ ठेवून, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, आत जात नाही. मग दोन हजार वॅटचा रॉड, पंप आणि इस्त्री एकाच वेळी लावून लीकेज मीटर मेनला धरला. चार मिलिअँपिअर.

डीबीत एक जागा रिकामी होती. तिथे बाहेरच्या दिव्यांसाठी वेगळा दोनपदरी आरसीबीओ बसवायचं ठरलं. हा एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम एकाच डबीत करतो आणि फेजबरोबर न्यूट्रलही तोडतो. तो बसवताना बाहेरच्या दिव्यांची फेज आणि न्यूट्रल दोन्ही जुन्या आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घ्यावी लागतात आणि तो न्यूट्रल पितळी पट्टीवरून कायमचा सोडवावा लागतो, नाहीतर दोन्ही डब्या एकमेकींचा हिशेब बिघडवतात. पुढच्या पावसात एखादी गोगलगाय फाटकाच्या दिव्यात शिरली तर फाटकाचा दिवा तेवढा जाईल. आत काकूंचा गिझर चालू राहील.